निरोप एका दमात देऊ नकोस

प्रश्न: ताई, माझ्या धाकट्या भावाची एनडीएत निवड झालीय. पुढच्या आठवड्यात तो खडकवासल्याला रुजू होतोय. तो अठरा वर्षांचा, मी बावीसची. जन्मभर एका खोलीत भांडत आलो आणि गेले काही दिवस आम्ही एकमेकांशी इतके सभ्यपणे वागतोय की तेच मला सहन होत नाही. तोंडाने बोलता येत नाही म्हणून चार पानी पत्र लिहिलंय. त्याच्या पेटीत कपड्यांच्या तळाशी लपवून ठेवणार आहे, म्हणजे तिथे गेल्यावर त्याला सापडेल. मसुदा सोबत पाठवतेय. काही खटकलं तर सांगा. आणि त्याला सोडायला गेटपर्यंत जाऊ की घरीच थांबू? — एक बहीण

उत्तर:

पत्र वाचलं. मनापासून लिहिलं आहेस. पण पेटीत ठेवू नकोस.

पेटी त्याची असली तरी पहिल्या दिवसांत तिच्यावर त्याचा एकट्याचा हक्क नसतो. अकादमीने पाठवलेल्या यादीप्रमाणे सामान आणलंय की नाही हे बघितलं जातं, कपाट ठरावीक पद्धतीने लावावं लागतं आणि त्याची तपासणी होते. शर्टाच्या घड्या, बुटांची पॉलिश, पलंगावरची चादर, सगळं कुणीतरी येऊन पाहणार. त्या घाईत तळातून चार पानांचं पाकीट निघालं, तर ते त्याच्याच हातात पहिल्यांदा पडेल याची खात्री नाही. सिनियर कॅडेटच्या हाती लागलं तर पुढचं मी सांगायला नको. तू पहिल्याच ओळीत त्याचं घरातलं लाडाचं नाव लिहिलं आहेस. ते नाव स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे त्याच्या तुकडीत, फिरायला लागलं की तीन वर्षं फिरेल.

समजा, त्यालाच सापडलं. तरी चार पानं तो वाचणार कधी? पहिल्या दिवसापासून केस बारीक, पहाटे उठणं, पीटी, ड्रिल, वर्ग, खेळ, रात्री सक्तीचा अभ्यास, आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचं ते रांगेत, नाहीतर सायकलींच्या ताफ्यात. स्वतःचा म्हणावा असा वेळ मिळतो तो दिवे मालवायच्या आधी, आणि तो बहुतेकदा उद्याचे बूट चमकवण्यात जातो. थकलेल्या मुलाला चार पानांचं भावनिक पत्र दिलं तर तो एकतर वाचायचं टाळतो किंवा वाचून रात्रभर जागतो. दोन्ही तुला नको आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की हा निरोप एका दमात देऊ नकोस. पहिल्या सत्रभर थोडा थोडा दे. एनडीएचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, त्यात सहा सत्रं. प्रत्येक सत्र साधारण पाच महिन्यांचं, मग सुट्टी. तुझ्या भावासाठी सगळ्यात अवघड आहे ते पहिलं सत्र. तिथल्या भाषेत तो 'फर्स्ट टर्मर' असेल, म्हणजे सगळ्यांत खालचा. तुझी चार पानं या पाच महिन्यांत वाटली तर प्रत्येक ओळ कामाला येईल.

जाताना हातात द्यायचं ते पत्र कागदाच्या एकाच बाजूला, पंधरा ओळींच्या आत. ते त्याच्या पाकिटात किंवा डायरीत बसलं पाहिजे आणि दुसऱ्याने वाचलं तरी त्याला लाज वाटता कामा नये. आता तुझ्या मसुद्यातली काही वाक्यं घेते.

'तू आमच्या सगळ्यांचा अभिमान आहेस, आता मागे वळून पाहू नकोस.' हे काढ. हे वाक्य त्याला पुढच्या आठवडाभरात प्रत्येक नातेवाईक ऐकवणार आहे. तुझ्याकडून त्याला ते नकोय. शिवाय ज्या दिवशी त्याला मागे वळून पाहावंसं वाटेल, आणि तो दिवस येतोच, त्या दिवशी हेच वाक्य त्याला तुझ्याशी बोलण्यापासून अडवेल.

'तुझ्याशिवाय घर खायला उठेल, आई तर रोज रात्री रडते.' हेही काढ. खरं असेल, पण त्यावर तो तिथून काहीच करू शकत नाही. जे ऐकून त्याला काही करता येणार नाही, ते पहिल्या सत्रात त्याच्या खांद्यावर ठेवायचं नाही.

'परवा तू माझा चार्जर घेतलास तेव्हा मी ओरडले, कारण मला रडू येत होतं.' हे मात्र अगदी तसंच ठेव. अख्ख्या पत्रात हेच वाक्य फक्त तुझं आहे. या एका ओळीत तुला तो जायला नको होता हेही कळतं, आणि कुणी दुसऱ्याने वाचलं तर त्याला ती फक्त चार्जरची भांडणं वाटतील.

आणखी एक वाक्य आहे: 'नाही जमलं तर बिनधास्त परत ये.' यावर मी बराच विचार केला. भावना बरोबर आहे, पण कागदावर लिहू नकोस. कारण सांगते. पहिल्या काही आठवड्यांत जवळजवळ प्रत्येकालाच एखाद्या रात्री परत जावंसं वाटतं. त्या रात्री हे वाक्य हाताशी असलं तर ते आधार राहत नाही, निमित्त होतं. शिवाय परत येणं तितकं साधंही नाही. रुजू होताना आईवडील एका बंधपत्रावर सही करतात. कॅडेटच्या हातात असलेल्या कारणासाठी त्याने मधेच प्रशिक्षण सोडलं, तर त्याच्यावर झालेला खर्च वसूल केला जाऊ शकतो. म्हणून हे वाक्य तोंडाने सांग, जायच्या आधी, घरात, दोघंच असताना. आणि त्यात एक अट घाल: 'परत यायचं मनात आलं तर आधी मला सांग. मी लगेच हो म्हणणार नाही, नाही पण म्हणणार नाही. कधीपासून वाटतंय ते विचारीन.' एका वाईट रात्रीनंतर वाटणं आणि महिनाभर रोज सकाळी वाटणं यात फरक आहे, आणि तो फरक त्याला एकट्याला तिथे कळणार नाही. महिनाभर तसंच वाटत असेल, तर त्याने त्याच्या डिव्हिजनल ऑफिसरशी बोलावं. प्रत्येक कॅडेटवर लक्ष ठेवायला हा अधिकारी असतो, त्याचं कामच ते आहे.

मग छोट्या पत्रात लिहायचं काय? चार्जरची ओळ. खोलीचं काय करणार आहेस ते, कारण तुम्ही एका खोलीत वाढलात आणि तो विचारणार नाही, पण त्याच्या मनात असणार. त्याचं टेबल तू वापरणार असशील तर तसं सरळ लिही. खोली संग्रहालयासारखी जपून ठेवणार असं लिहू नकोस, त्याने उगाच तो गेल्यासारखं वाटतं. आणि शेवटी एक करार, ज्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे.

तो करार दुखण्याचा. नव्या कॅडेटचा दिवस पळण्यात, ड्रिलमध्ये आणि उड्यांमध्ये जातो. ज्या पायांना इतक्या भाराची सवय नाही, त्यांच्या नडग्या पहिल्या दोनतीन महिन्यांत बोलायला लागतात. बहुतेकांना नडगीच्या आतल्या कडेने लांब पट्ट्यात दुखतं, पळायला सुरुवात केली की जास्त आणि अंग गरम झालं की कमी. त्याला शिन पेन म्हणतात. ते त्रासदायक असतं, पण थोडी विश्रांती आणि बर्फ यांनी बहुधा आवरतं. दुसरं दुखणं वेगळं. त्यात एका बोटाच्या टोकाएवढी जागा दाबली की माणूस कळवळतो, पळताना वेदना वाढतच जाते आणि पुढे पुढे रात्री पडल्यावरसुद्धा ठणकतं. हे हाडाला बारीक तडा गेल्याचं लक्षण असू शकतं, त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये ते बहुतेकदा दिसत नाही, म्हणून एक्स-रे चांगला आला तरी प्रकरण संपत नाही. यावर उपाय एकच, भार थांबवणं, आणि तो काही आठवड्यांचा असतो.

मुलं नेमकं हेच लपवतात. एमआय रूममध्ये, म्हणजे तिथल्या दवाखान्यात, गेलं की पीटीतून सूट मिळते, सूट मिळाली की मागे पडल्यासारखं वाटतं, बरोबरचे टोमणे मारतात, आणि फार दिवस बुडाले तर सत्र पुन्हा करावं लागतं. तिथे त्याला रेलिगेशन म्हणतात. म्हणजे सहा महिने मागे, आपल्या कोर्सच्या मागच्या कोर्सबरोबर. माझ्या ओळखीच्या एका घरातला मुलगा दुसऱ्या सत्रात असाच उजवी नडगी दाबत तीन आठवडे पळत राहिला. फोनवर आईला म्हणायचा 'सगळं मस्त'. बहिणीला एकदा बोलता बोलता म्हणाला की रात्री पाय उशीवर ठेवून झोपतो. तिला ते विचित्र वाटलं. तिने विचारलं, 'बोट ठेवून नेमकी जागा दाखवता येते का?' तो म्हणाला, येते. दुसऱ्या दिवशी तो एमआय रूमला गेला, पुढच्या तपासणीत तडा सापडला. त्याचं एक सत्र गेलं. पण तसाच पळत राहिला असता तर हाड पूर्ण मोडून कदाचित सगळंच गेलं असतं. आज तो सेवेत आहे.

म्हणून तुझा करार असा असू दे: 'दुखलं तर मला सांग. मी आईबाबांना सांगणार नाही. पण बोटाने जागा दाखवता आली किंवा रात्री ठणकलं तर तू दुसऱ्या दिवशी एमआय रूमला जाशील.' आईबाबांना न सांगण्याचं हे वचन फक्त दुखण्यापुरतं ठेव. रगडा हा शब्द तुला लवकरच ऐकायला मिळेल. शिक्षा म्हणून लोळणं, कोलांट्या, जोर-बैठका. त्याच्या गोष्टी तो सुट्टीत हसत हसत सांगेल. पण कुणी मारलं, जखमी केलं, झोपच घेऊ दिली नाही असं तो सांगत असेल, तर ते प्रशिक्षण नव्हे आणि नियमात बसत नाही. ते घरी सांगायचं आणि वडिलांनी स्क्वाड्रन कमांडरपर्यंत पोचवायचं. ही सीमा त्याला जायच्या आधीच सांगून ठेव, म्हणजे पुढे तू विश्वासघात केलास असं त्याला वाटणार नाही.

आता दुसरं पत्र. ते टपालाने जाईल आणि त्यासाठी तुला थांबावं लागेल. तो तिथे पोचल्यावरच त्याला स्क्वाड्रन मिळते. अठरा स्क्वाड्रन आहेत, त्यांना अक्षरांची नावं. ते अक्षर कळल्याशिवाय पत्ता पूर्ण होत नाही. फोन कधी आणि किती वेळ मिळेल हे तिथले नियम ठरवतात. सुरुवातीला तो क्वचित आणि घाईचा असतो, म्हणून त्याच्या पहिल्या फोनवर बाकी काही नको, स्क्वाड्रन आणि कॅडेट नंबर लिहून घे. पाकिटावर लिहायचं ते असं: कॅडेट आणि पूर्ण नाव, नंबर, स्क्वाड्रन, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, खडकवासला, पुणे ४११०२३. लाडाचं नाव पाकिटावर नाही. रंगीत पाकीट नाही, चित्रं नाहीत, स्टिकर तर अजिबात नाही. साधं टपालाचं पाकीट शांतपणे पोचतं.

या टपालाच्या पत्रांमध्ये तुझ्या चार पानांतला बाकीचा ऐवज येऊ दे. दर आठवड्याला एक, अर्धं पान पुरे. एकाही पत्रात प्रश्न विचारू नकोस, कारण प्रश्न आला की उत्तराचं ओझं येतं, आणि त्याच्याकडे वेळ नाही. घरातली बारीकसारीक बातमी लिही. शेजारच्यांनी स्कूटर कुठे लावली आणि त्यावरून बाबा कसे वाद घालून आले, तुझ्या कॉलेजात काय झालं, खोलीतला पंखा अजून तसाच आवाज करतो. बाहेरच्या माणसाला कंटाळवाणं वाटेल ते सगळं त्याला हवं असतं. त्याच्या दिवसात प्रत्येक गोष्ट नवी आणि मोठ्या आवाजात सांगितलेली आहे. अर्धं पान तरी जुनं आणि ओळखीचं वाचायला मिळू दे.

सत्रात एक टप्पा लक्षात ठेव. फर्स्ट टर्मरची ड्रिलची परीक्षा असते, ड्रिल स्क्वेअर टेस्ट. ती पास झाल्याशिवाय बाहेर जायची मोकळीक मिळत नाही. बाहेरच्या माणसाला वाटेल, चालायची कसली परीक्षा? पण त्या मुलांसाठी ती मोठी असते, आणि पहिल्या खेपेला सगळे पास होत नाहीत. तो नापास झाला तर फोनवर 'हरकत नाही, पुढच्या वेळी' एवढंच म्हण आणि लगेच दुसऱ्या विषयावर ये. पास झाला तर ते पत्र थोडं मोठं लिही. तुझ्या मसुद्यात लहानपणी तो शाळेच्या संचलनात चुकीच्या बाजूला वळला होता त्याची गोष्ट आहे ना, ती या पत्रासाठी राखून ठेव. आत्ता ती टोमण्यासारखी वाटेल, तेव्हा तो स्वतःच मित्रांना वाचून दाखवेल.

फोनबद्दल एक. पलीकडून 'हो, ठीक आहे, हो, बरं' एवढंच ऐकू आलं तर तो तुटक वागतोय असं समजू नकोस. मागे रांग असते, कदाचित बाजूला सिनियर उभा असतो. त्याला हो किंवा नाही म्हणता येईल असे प्रश्न विचार. 'पाय ठीक?' 'झोप होतेय?' आणि एक खुणेचा शब्द आधी ठरवून ठेवा, अगदी साधा, ज्याचा अर्थ 'आत्ता बोलता येत नाही, पण काहीतरी आहे'. तो शब्द कानावर आला तर पुढच्या फोनची वाट बघ. तो शब्द दोनदा आला तर बाबांना बोलावं लागेल. हेही त्याला आधी सांग.

गेटपर्यंत जायचं की नाही? जा. पण तिथे निरोप होईल अशी अपेक्षा ठेवू नकोस. त्या दिवशी तिथे कागदपत्रं, नावं, पेट्या आणि शेकडो आईवडील असतात. तुझ्या भावाच्या आजूबाजूला उभी असलेली मुलं पुढची तीन वर्षं त्याच्याबरोबर राहणार आहेत, आणि त्यांच्यासमोर मोठ्या बहिणीने गळ्यात पडून रडलेलं कोणत्याही अठरा वर्षांच्या मुलाला नको असतं. म्हणून खरा निरोप आदल्या रात्री घरीच आटोपा. तुमच्या त्या सभ्यपणाचंही तेव्हाच बघ. एखादं जुनं भांडण मुद्दाम उकरून काढ, मला वाटतं त्यालाही तेच हवं असेल. छोटं पत्र तेव्हा हातात दे आणि सांग, आत्ता वाचलंस तरी चालेल. गेटवर फक्त पेटी धरायला मदत कर, खांद्यावर एक थाप, आणि आईला सांभाळ. आई रडली तर तिला थांबवू नकोस, फक्त जरा बाजूला घेऊन जा.

पहिलं सत्र संपून तो घरी येईल तेव्हा बारीक, काळवंडलेला आणि प्रचंड झोपाळू असेल. दोनतीन दिवस त्याला झोपू दे. पाहुण्यांना बोलवायचं असेल तर आधी त्याला विचार, आणि तो नाही म्हणाला तर आईबाबांसमोर त्याची बाजू तू घे. तुला दिलेल्या टेबलावरून मात्र तो भांडेल. त्याने टेबल परत मागितलं तर देऊ नकोस, दोन आठवडे वापरू दे फक्त.